"एवढंच तर करायचंय!"

साठ गावांच्या संस्था ज्याला दूध घालतात असा एक तालुका दूध संघ डोळ्यांसमोर आणा. सकाळ-संध्याकाळचं संकलन, प्रत्येक उत्पादकाच्या दुधाचं फॅट आणि एसएनएफ, त्यावरून दरपत्रकातला दर, दर दहा दिवसांनी बिल, बिलातून पशुखाद्याची आणि उचलीची कपात, आणि उरलेली रक्कम खात्यावर जमा करण्यासाठी बँकेला पाठवायची फाइल. हे सगळं नव्या सॉफ्टवेअरमध्ये हवं म्हणून संघाने एका छोट्या कंपनीशी करार केला. किंमत १८ लाख रुपये अधिक जीएसटी, मुदत पाच महिने. हा संघ मी उदाहरणापुरता उभा केला आहे. त्याच्या करारात पुढे जे घडतं ते मात्र सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आणि बनवून घेणाऱ्या कुणालाही ओळखीचं वाटेल.

ठरलेल्या किमतीचा, म्हणजे फिक्स्ड प्राइस करार संचालक मंडळाला आवडतो, कारण ठरावात एकच आकडा लिहिता येतो आणि वार्षिक सभेत सभासदांना तोच सांगता येतो. कंपनीही तो घेते, कारण नाही घेतला तर दुसरी कंपनी घेणार असते. पण आकडा बांधलेला असला तरी त्या आकड्यात नेमकं काय काय येतं हे दोघांच्या मनात वेगवेगळं असू शकतं. करारावर सह्या होऊन महिना-दीड महिना गेला की हे हळूहळू कळू लागतं. लेखापाल म्हणतात, पावतीवर संस्थेचं बोधचिन्ह घ्या. संकलन अधिकारी म्हणतात, गाववार रिपोर्ट आहे तोच रूटवार पण द्या. एक संचालक म्हणतात, शेतकऱ्याला रोज मोबाइलवर मेसेज गेला पाहिजे. प्रत्येक मागणीच्या शेवटी एकच वाक्य असतं, "एवढंच तर करायचंय!" काम असं कणाकणाने, कुणीही ठरवलेलं नसताना वाढत जातं, त्याला या धंद्यात स्कोप क्रीप म्हणतात.

या कणांची किंमत कंपनीच्या बाजूने मोजून पाहू. पाच माणसं, पाच महिने, महिन्याला २२ कामाचे दिवस. म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या कामाला मॅन-डे म्हटलं, तर एकूण ५५० मॅन-डे. पगार, जागेचं भाडं, वीज, संगणक हे सगळं धरून कंपनीला एक मॅन-डे २,६०० रुपयांना पडतो असं समजा. खर्च झाला १४ लाख ३० हजार. हातात राहिले ३ लाख ७० हजार, म्हणजेच साधारण १४२ मॅन-डे. दोन-दोन दिवसांच्या ७१ मागण्या फुकट करून दिल्या की हा नफा शून्यावर येतो. पाच महिन्यांत कामाचे दिवस ११०. म्हणजे दर दीड दिवसाला एक "एवढंच" पुरेसं आहे. साठ गावं, डझनभर खुर्च्या आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल असताना हा वेग मुळीच अवघड नाही.

ग्राहकाला वाटतं, नुकसान कंपनीचं, आपलं काय गेलं? त्याचंही जातं, फक्त उशिरा. तोट्यात गेलेली कंपनी पहिली कात्री चाचणीला लावते, कारण न केलेली चाचणी लगेच दिसत नाही. मग सगळ्यात जाणता माणूस हळूच दुसऱ्या प्रकल्पावर जातो. चार महिन्यांनी बिलात कपात दोनदा होते आणि शेतकरी संघाच्या दारात येतात, तेव्हा पावतीवरचं ते बोधचिन्ह कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

यावरचा रूढ उपाय म्हणजे चेंज रिक्वेस्ट, कंपन्यांच्या बोलीत सीआर. पुष्कळ ग्राहक त्याला नकार देण्याचं किंवा पैसे उकळण्याचं यंत्र समजतात, आणि काही कंपन्या त्याचा तसा वापर करतातही. नीट चालवलेल्या सीआरचं काम साधं असतं. मागणी झाल्यानंतर आणि काम सुरू होण्याआधी तिची किंमत आणि तिने लागणारा उशीर कागदावर मांडायचा, आणि ज्याच्या तिजोरीतून पैसे जाणार त्याने त्यावर हो किंवा नाही लिहायचं.

पण बदल कशाला म्हणायचं हे ठरवायचं तर आधी मूळ काय ते ठरलेलं हवं. सगळा डोलारा उभा असतो तो कामाच्या व्याप्तीच्या कागदावर, आणि बहुतेक भांडणांचं बी त्यातल्या गोड, गोल शब्दांत असतं. "दरपत्रकाची संपूर्ण सोय" असं लिहिलं की विक्रीच्या बैठकीत सगळे खूश होतात. पण "संपूर्ण" या शब्दात काहीही बसतं. त्याऐवजी असं लिहावं: गाय आणि म्हैस यांचं प्रत्येकी एक दरपत्रक, नवा दर पुढच्या तारखेपासूनच लागू करता येईल. रिपोर्ट किती, तर बारा, आणि त्यांची नावं ही. जुनी माहिती कशी घेणार, तर ठरलेल्या नमुन्यातल्या एक्सेल फाइलमधून, एकदाच. ग्राहकाकडून चाचणीच्या फेऱ्या किती, तर दोन. आणि सर्वांत उपयोगी पान म्हणजे काय समाविष्ट नाही याची यादी: मोबाइल अॅप नाही, मेसेजची सेवा नाही, वजनकाट्याची थेट जोडणी नाही. हे पान लिहायला विक्री विभाग नेहमी कुरकुरतो, कारण करार होण्याआधी "नाही" हा शब्द कुणालाच नको असतो. मी तर म्हणेन, या पानावर दोन्ही बाजूंची वेगळी सही घ्यावी.

कराराच्या जोडपत्रात आणखी दोन गोष्टी आधीच ठरवाव्यात. एक, बदलाच्या कामाचा मॅन-डेचा दर. आपल्या उदाहरणात तो ४,००० रुपये धरू. दुसरी, बदलांसाठी राखून ठेवलेली रक्कम. सहकारी संस्थेत हिचं महत्त्व फार. संचालक मंडळाची सभा महिन्यातून एकदा होते आणि वीस हजारांच्या बदलाला दर वेळी ठराव लागला, तर प्रकल्प सभांची वाट पाहण्यातच संपेल. म्हणून मूळ करार मंजूर होतो त्याच सभेत बदलांसाठी, समजा, १ लाख ८० हजारांची वेगळी मंजुरी घ्यायची. त्यातून एका बदलाला २५ हजारांपर्यंत व्यवस्थापकांची सही पुरेल, त्यावर अध्यक्षांची. पैसे खर्च झालेच पाहिजेत असं नाही. पण घरात आधी ठरलेलं असलं की निर्णय दिवसांत होतात.

आता एक मागणी दारातून आत घेऊन शेवटपर्यंत नेऊ. आपल्या संघाची ही सातवी नोंद, सीआर-७.

तिसऱ्या महिन्यात व्यवस्थापक म्हणाले, "आमचा दर कधीकधी मागच्या तारखेपासून वाढतो. मंडळाचा ठराव सहा तारखेला होतो, वाढ एक तारखेपासून द्यायची असते. तेवढी सोय ठेवा." ऐकायला ही एका ओळीची गोष्ट. तिथे बसलेला तरुण प्रोग्रॅमर मनात म्हणतो, डेटाबेसवर एक क्वेरी मारली की पाच दिवसांच्या नोंदींतला दर बदलतो, अर्ध्या तासाचं काम. हो म्हणून टाकावं.

दूध संघाच्या बिलात हे अर्धा तासाचं काम का नाही, हे शोधण्यालाच परिणामांचा अभ्यास म्हणतात, आणि सीआरचा हाच गाभा आहे. एक ते पाच तारखेपर्यंत दहा वेळा संकलन झालेलं आहे. प्रत्येक वेळी शेतकऱ्याच्या हातात जुन्या दराची छापील पावती गेली आहे. संगणकातला दर गुपचूप बदलला, तर पावती आणि नोंद जुळणार नाही, आणि लेखापरीक्षकाला बदल कुणी, कधी, कुठल्या ठरावाने केला हे दिसणार नाही. म्हणजे जुनी नोंद तशीच ठेवून फरकाची वेगळी नोंद करावी लागेल. ठराव सहाऐवजी बारा तारखेला झाला, तर पहिल्या दहा दिवसांचं बिल बंद होऊन बँकेची फाइलही गेलेली असेल. मग फरक पुढच्या बिलात दाखवायचा. मधल्या काळात एखाद्याने दूध घालणं बंद केलं असेल, तर त्याला पुढचं बिलच नाही. त्याचा फरक कुठे द्यायचा? आणि बिलाच्या हिशेबाला हात लागला म्हणजे कपातीपासून बँक फाइलपर्यंत आधी तपासून झालेलं सगळं पुन्हा तपासणं आलं.

हे समोर ठेवून अंदाज बांधला तो असा. मागणी नीट समजून लिहून काढायला दीड दिवस. फरक मोजून त्याची नोंद करणारा भाग लिहायला चार. बिलात आणि बँक फाइलमध्ये तो आणायला दोन. चाचणीला तीन. मार्गदर्शिकेत भर घालून कर्मचाऱ्यांना दाखवायला अर्धा. एकूण ११ मॅन-डे, ४४,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७,९२०, म्हणजे ५१,९२० रुपये. आणि सॉफ्टवेअर सुरू होण्याची तारीख सहा कामाच्या दिवसांनी पुढे. अर्ध्या तासाचे अकरा दिवस असे होतात. यात फसवणूक कुठेच नाही. प्रोग्रॅमरच्या मनात फक्त टंकलेखनाचा वेळ होता, एवढंच.

चांगला सीआर इथे थांबत नाही, तो दुसरी वाटही दाखवतो. कंपनीने पर्याय ब मांडला: बिलात "इतर जमा" हा रकाना आधीच आहे. फरकाची रक्कम लेखापालांनी एक्सेलमध्ये काढावी, आम्ही ती फाइल आत घेण्याची सोय देतो. तीन मॅन-डे, १२,००० अधिक जीएसटी २,१६०, तारीख तीच. आणि सोबत एक प्रश्न विचारला, जो खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा होता: असं वर्षात किती वेळा होतं? व्यवस्थापकांनी जुनी बिलं पाहिली. मागच्या वर्षी दोनदा. दोन वेळच्या कामासाठी बावन्न हजार कोण घालेल? पर्याय ब वर सही झाली. किंमत लिहून समोर आली की गरज आणि हौस आपोआप वेगळी होते, आणि ती वेगळी करणारा माणूस ग्राहकच असतो. कंपनीने तोंडी "हे नको" म्हटलं असतं, तर तोच व्यवस्थापक हट्टाला पेटला असता.

या एका पानाच्या अर्जाला मुदतीही हव्यात, नाहीतर तोच नवा खोळंबा होतो. नोंद झाल्यापासून पाच कामाच्या दिवसांत कंपनीने अंदाज द्यायचा. तो पंधरा दिवस वैध. ग्राहकाचं उत्तर सात दिवसांत आलं नाही तर मागणी आपोआप बाजूला ठेवली जाते आणि मूळ काम मूळ तारखेने पुढे चालतं. हा शेवटचा नियम सोपा वाटतो, पण प्रत्यक्षात तोच सगळ्यात जास्त मोडला जातो. "उत्तर येईलच" म्हणत टीम अर्धवट थांबून राहते आणि त्या बसून राहण्याचा हिशेब कुणाच्याच वहीत नसतो. सही म्हणजे शाईचीच हवी असं नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार संमती केवळ इलेक्ट्रॉनिक रूपात दिली म्हणून करार निरर्थक ठरत नाही, त्यामुळे अधिकार असलेल्या माणसाच्या ई-मेलवरून आलेला "मंजूर" चालतो. मात्र कुणाचा ई-मेल चालेल, हे करारात नावानिशी लिहावं.

तारखेचा भाग तर पैशांइतकाच जपावा लागतो. अनेक करारांत उशिरासाठी दंड असतो. दर आठवड्याला किमतीच्या अर्धा टक्का हे सर्रास दिसणारं कलम. १८ लाखांवर ते आठवड्याला ९,००० रुपये होतं. बदल मंजूर झाला, त्याचे पैसे मिळाले, पण सीआरच्या कागदावर नवी अंतिम तारीख लिहायची राहिली, की शेवटी ग्राहकाचा लेखा विभाग जुन्याच तारखेपासून दंड मोजतो. त्याचंही चुकत नाही, त्याच्या हातात तोच कागद असतो.

आता अवघड जागा. कागदात लिहिलं आहे, "दर दहा दिवसांनी बिल." कंपनीने अक्षरशः तेच केलं: प्रत्येक बिल नेमकं दहा दिवसांचं. एकतीस दिवसांच्या महिन्यात एक दिवस उरतो, तो पुढच्या बिलात. संघ म्हणतो, हे चूक आहे. तिसरं बिल महिनाअखेरपर्यंतचं असतं, मग ते अकरा दिवसांचं होवो की फेब्रुवारीतलं आठ दिवसांचं. कंपनी म्हणते, कागदात तसं लिहिलेलं नाही, हा बदल आहे.

माझ्या मते इथे कंपनीने पैसे मागू नयेत. दुधाच्या धंद्यातल्या कुठल्याही माणसाला "दहा दिवसांचं बिल" म्हणजे महिन्याचे तीन भाग हेच अभिप्रेत असतं, आणि दूध संघाचं सॉफ्टवेअर करायला निघालेल्या कंपनीने हे विचारून घ्यायला हवं होतं. शिवाय संदिग्ध शब्दांचा अर्थ ते शब्द लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हे कराराच्या वाचनाचं जुनं तत्त्व आहे, आणि व्याप्तीचा कागद बहुधा कंपनीनेच लिहिलेला असतो. म्हणून नोंदवहीत तीन कप्पे ठेवावेत. कागदात लिहिलेलं आणि न चालणारं, तो दोष. तो फुकट दुरुस्त होतो. कागदात नसलेलं किंवा कागदाच्या विरुद्ध असलेलं, तो बदल. आणि कागद दोन प्रकारे वाचता येतो, ते स्पष्टीकरण. या तिसऱ्या कप्प्यातल्या गोष्टी दोन्ही बाजूंच्या प्रमुखांनी एकत्र बसून सोडवायच्या. कधी कंपनी घेईल, कधी निम्मे-निम्मे होतील. पण जे ठरेल ते लिहायचं, म्हणजे तोच वाद चौथ्या महिन्यात पुन्हा निघत नाही. सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधाला वेगळं दरपत्रक हवं, ही मागणी मात्र या कप्प्यात येत नाही. कागदात "प्रत्येकी एक" लिहिलेलं आहे. तो बदलच.

ही रीत मोडते ती मागच्या दाराने. संकलन अधिकाऱ्यांनी प्रोग्रॅमरला थेट व्हॉट्सअॅपवर आवाजातला निरोप पाठवला, पोराने संध्याकाळी बसून करून दिलं, दोघेही खूश. पंधरा दिवसांनी त्या बदलामुळे दुसराच रिपोर्ट चुकतो आणि का चुकतो हे कुणाला कळत नाही, कारण असा बदल झाल्याची कुठेच नोंद नाही. म्हणून दोन्ही बाजूंना एकेकच दार ठेवतात: संघाकडून एक माणूस मागणी देणार, कंपनीकडून एक माणूस घेणार. जागेवर बसलेल्या प्रोग्रॅमरने नाही म्हणून वाईटपणा घ्यायची गरज नाही. "साहेब, नोंदवून घेतो, उद्या तुम्हाला सीआर नंबर मिळेल," एवढं त्याला म्हणता आलं पाहिजे. कंपनीच्या आतही नियम असावा की सीआर क्रमांकाशिवाय किंवा मूळ कामाच्या क्रमांकाशिवाय कुठलाही कोड मुख्य प्रतीत जाणार नाही. यामुळे आणखी एक रोग आटोक्यात येतो, ज्याबद्दल कमी बोललं जातं: कुणीही न मागता, "छान दिसेल" म्हणून प्रोग्रॅमरने स्वतः घातलेली भर. स्कोप क्रीप नेहमी ग्राहकाकडूनच येतो असं नाही.

जे फुकट द्यायचं ठरेल तेही नोंदवायचं, शून्य रुपयांचा सीआर म्हणून. बोधचिन्हाला दोन तास लागतात, त्याचे पैसे कोण मागणार? पण कागदावर "दोन तास, शून्य रुपये, कंपनीकडून" असं आलं की चांगुलपणा दिसतो आणि मोजलाही जातो. न नोंदवलेला चांगुलपणा तिसऱ्या वेळेपासून हक्क होतो.

ग्राहकाची एक शंका मात्र खरी असते, आणि कंपन्यांनी ती झटकू नये. बोली मुद्दाम कमी लावायची, काम मिळवायचं, आणि मग प्रत्येक श्वासाला सीआर लावून वसुली करायची, असा धंदा चालतो. घर बांधताना कंत्राटदाराच्या "एक्स्ट्रा"ने पोळलेल्यांना हे समजावून सांगायला नको. ग्राहकाने यावर तीन गोष्टी मागाव्यात. मॅन-डेचा दर करारातच, स्पर्धा चालू असताना ठरवून घ्यावा. एकदा अडकल्यावर ठरवलेला दर नेहमी चढाच असतो. अंदाज एकरकमी नको, वर सीआर-७ चा दिला तसा कामवार फोडून हवा, म्हणजे "चाचणीला तीन दिवस का?" असं विचारता येतं. आणि वजाबाकीचाही हक्क हवा: बारातले दोन रिपोर्ट नकोत असं ठरलं, तर त्यांचे दिवस बदलांच्या हिशेबात परत जमा झाले पाहिजेत. वजा सीआर द्यायला जी कंपनी का-कू करते, तिच्या अधिक सीआरकडेही जरा निरखून पाहावं.

काही बदल कुणाच्याच हौसेचे नसतात. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर केलं. ते थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जाणार होतं, आणि जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक आधारशी आणि खात्याशी जोडलेला असण्याची अट होती. आपला संघ तेव्हा प्रकल्पाच्या मधोमध असता, तर त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये शेतकरी आहे, खातं आहे, पण जनावर नावाची गोष्टच नाही. एका शेतकऱ्याच्या चार गायी, चार बिल्ले, आणि रोजची पावती मात्र एकच. म्हणजे नवं कोष्टक, नवी भरणी, नवी फाइल. पाच दिवस अंदाजाला आणि सात दिवस सहीला घालवायला इथे वेळ नसतो.

अशा वेळेसाठी तातडीच्या सीआरची वाट आधीच ठेवावी लागते. व्यवस्थापकांनी ई-मेलने लिहायचं: काम सुरू करा, पण पाच मॅन-डे म्हणजे २०,००० रुपयांच्या वर जायचं नाही. तीन दिवसांत पूर्ण अंदाज कागदावर येतो, आणि तोवर मर्यादा गाठली तर काम थांबतं. नियम बदलल्यामुळे वाढलेल्या कामाचा भार कुणावर, हेही करारात एका वाक्यात लिहून ठेवावं. बहुधा तो ग्राहकावर असतो, आणि ते रास्त आहे. कंपनीला शासन निर्णय आधी कळत नाही. "तातडी" हा शब्द महिन्यात दोनदा वापरला जाऊ लागला, तर मात्र नेहमीची वाट कुठे तुंबली आहे ते पाहावं.

आणि ही सगळी शिस्त वरच्या माणसाने मोडली तर खालच्यांनी पाळून उपयोग नसतो. अमेरिकेतल्या डेन्व्हर विमानतळाची सामान वाहून नेणारी स्वयंचलित यंत्रणा हे त्याचं मोठं उदाहरण. संगणकाने चालणाऱ्या गाड्यांचं ते जाळं उभं करणाऱ्या कंपनीने ठराविक तारखांनंतर आराखडा गोठेल अशी अट घातली होती. पण विमान कंपन्यांच्या मागण्या, त्यात स्कीचं सामान नेण्याची सोयही, त्यानंतर येत राहिल्या आणि घेतल्या गेल्या. ऑक्टोबर १९९३ मध्ये उघडायचा विमानतळ फेब्रुवारी १९९५ मध्ये उघडला, यंत्रणा ठरली होती त्याच्या काही भागापुरतीच चालली, आणि २००५ मध्ये ती बंद केली. अपयशाची कारणं आणखीही होती. मुळातच वेळ अपुरा होता. तरी गोठवण्याची तारीख कागदावर असूनही ती कुणीच न पाळणं हे त्यातलं एक ठळक कारण होतं. आपल्याकडे हीच गोष्ट अध्यक्षांनी कंपनीच्या मालकाला लग्नात गाठून "तेवढं बघा" म्हणण्याने घडते. मालकाने तिथेच हो म्हटलं की प्रकल्प प्रमुखाच्या नोंदवहीला दुसऱ्या दिवसापासून कुणी विचारत नाही.

रीत चालते आहे की नुसती भिंतीवर लावली आहे, हे ओळखायला आठवड्यातून एकदा नोंदवही आणि टीमच्या वेळेचा तक्ता शेजारी ठेवावा. तक्त्यात मूळ कामावर ८० टक्के वेळ गेलेला दिसतो, उरलेला "इतर", आणि नोंदवहीत सहा आठवडे एकही नोंद नाही. अशी कोरी वही पाहून आनंदित होऊ नये. बदल येतच आहेत, ते फक्त मागच्या दाराने येत आहेत. याउलट एकाच भागावर, समजा कपातीवर, सीआरमागून सीआर येत असतील, तर एकेकट्या बदलाचा अंदाज काढत बसण्यात अर्थ नाही. तो भाग मुळातच न समजता लिहिला गेला होता. तिथे थांबून तेवढ्या भागाची व्याप्ती नव्याने लिहावी आणि किंमतही नव्याने ठरवावी. आणि काय हवं हेच संघाला वापरून पाहिल्याशिवाय कळणार नसेल, तर त्या भागासाठी ठरलेली किंमत हा करारच चुकीचा. तिथे लागतील तेवढ्या दिवसांचे पैसे देणं दोघांनाही स्वस्त पडतं.

सीआरचे पैसे शेवटच्या हप्त्याबरोबर घ्यायचे ठेवू नयेत. प्रकल्प संपताना जमलेल्या दहा-बारा बदलांचं एकत्र बिल पुढे आलं, की ते पाहून प्रत्येक ग्राहक दचकतो आणि पहिल्या बदलापासून सगळ्यांवर वाद सुरू होतो. मंजुरीच्या वेळी निम्मे आणि तो बदल तपासून घेतल्यावर निम्मे, असं सुटं बिल बरं. आपल्या संघाच्या वहीत अखेरीस १४ नोंदी झाल्या. पाच शून्य रुपयांच्या, सहा पैसे देऊन केलेल्या, तीन किंमत पाहून संघानेच मागे घेतलेल्या. सहा बदलांचे मिळून ३४ मॅन-डे, म्हणजे १ लाख ३६ हजार रुपये. राखीव रकमेतले ४४ हजार शिल्लक.

सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर वार्षिक देखभालीचा करार होतो, आणि मागण्यांचा खरा लोंढा तेव्हा येतो, कारण आता साठ गावं ते रोज वापरत असतात. मागच्या तारखेच्या दराची ती पूर्ण सोयही परत मागितली जाते, या वेळी "देखभालीत बसवा" म्हणून. देखभालीत दोष दुरुस्ती येते, नवी सोय येत नाही, हे त्या करारातही लिहावं लागतं, मॅन-डेच्या दरासकट. नोंदवही तीच चालू ठेवावी आणि पुढची मागणी सीआर-१५ म्हणून घ्यावी. तिच्याखाली सीआर-७ चा पर्याय अ जोडलेला असेलच. अकरा दिवसांचा अंदाज फक्त नव्याने तपासून घ्यावा लागेल, कारण मधल्या काळात बिलाचा कोड बदललेला आहे.